पडून राहिलेल्या मालावर दुकानदारांना मुदतीची सवलत: ब्रँडचा भाव न उतरवता कशी द्यावी?

धागाकर्ता: पहिलीपेटी

आम्ही 750 मिलिलिटरच्या स्टीलच्या थर्मास बाटल्या बनवतो. पाच रंग आहेत, त्यातल्या शेवाळी रंगाला उठाव नाही. एकूण 4,800 नग शिल्लक आहेत: 1,500 आमच्या गोदामात, 700 वितरकांकडे आणि 2,600 दुकानांच्या फळ्यांवर. दुकानं 220. सगळी दुकानं मिळून आठवड्याला साधारण 110 शेवाळी बाटल्या विकतात, म्हणजे या वेगाने माल संपायला 43-44 आठवडे लागतील. काळा रंग सहा आठवड्यांत संपतो.

बारा आठवड्यांनी शेवाळीच्या जागी नवा रंग आणायचा आहे. विक्री विभागाचं म्हणणं आहे की आठ आठवड्यांची स्कीम काढावी: एका दुकानाने दोन पेट्या (24 नग) उचलल्या तर बिलावर 25 टक्के सूट.

हिशेबासाठी दुकानदाराची खरेदी किंमत 100 धरा, ग्राहकासाठीची किंमत 140, आमचा उत्पादन खर्च 55. मला भीती दोन गोष्टींची आहे. एक, बाकीच्या चार रंगांनाही लोक 'सूट कधी?' विचारायला लागतील. दोन, पुढच्या वेळी दुकानदार सुटीची वाट बघत ऑर्डर थांबवतील. अशी सवलत नेमकी कशी बांधायची?

---

घाऊकपान

पंचवीस टक्के जास्त आहेत. पंधरा टक्के द्या, पण मुदत चारच आठवडे ठेवा. मुदत जितकी कमी तितका ब्रँड सुरक्षित. दुकानदाराला विचार करायला वेळ मिळाला की तो घासाघीस करतो. आणि 'दहावर दोन फुकट' असं सांगा, टक्के सांगू नका. दहावर दोन म्हणजे वीस टक्के वाटतात, प्रत्यक्षात बारा नगांमागे दोन, म्हणजे 16.7 टक्केच जातात. शिवाय बिलावरचा दर 100 चाच राहतो.

---

उठावनोंद

घाऊकपान यांचा फुकट नगांचा हिशेब बरोबर आहे आणि बिलावरचा दर न हलवण्याचा मुद्दाही बरोबर. पण या प्रकरणात फुकट नग म्हणजे ज्या मालाचा उठाव नाही तोच माल दुकानात आणखी भरणं. सूट किती आणि किती दिवस, हे नंतर ठरवू. आधी माल कुठे पडलाय ते बघू.

2,600 नग 220 दुकानांत, म्हणजे दुकानामागे साधारण 12. विक्री आठवड्याला 110, म्हणजे दुकानामागे अर्धी बाटली. सरासरी दुकानदाराकडे आत्ताच 24 आठवड्यांचा माल आहे. त्याला आणखी 24 नग घ्यायला लावले की त्याच्याकडे 36 होतात, म्हणजे 72 आठवड्यांचा माल. तुमच्या गोदामाचा प्रश्न तुम्ही त्याच्या फळीवर नेऊन ठेवला, इतकंच झालं. शिवाय बारा आठवड्यांनी तुम्ही नवा रंग घेऊन जाल तेव्हा तीच फळी भरलेली असेल.

स्कीम चालली असं समजा. दुकानदारांनी तुमच्याकडचे आणि वितरकांकडचे मिळून 2,200 नग उचलले. सुटीत गेले 55,000. बिलावरची सूट दुकानदार ग्राहकाला देईलच असं नाही. बहुतेक ठिकाणी बाटली 140 लाच विकली जाईल आणि उठाव 110 च राहील. आठ आठवड्यांत 880 बाटल्या संपतील, 3,920 फळ्यांवर राहतील. तुमच्या कागदावर मात्र विक्री झालेली दिसेल.

म्हणून एक माहिती काढा: 110 ची विक्री कुठल्या दुकानांतून होते? सगळ्या दुकानांत अर्धी अर्धी बाटली विकली जाते असं जवळजवळ कधीच नसतं.

---

पहिलीपेटी

वितरकांकडून मागच्या बारा आठवड्यांची दुकानवार आकडेवारी मागवली. चित्र मला वाटलं होतं त्यापेक्षा फार वेगळं निघालं.

60 दुकानं आठवड्याला 80 नग विकतात. त्यांच्याकडे शिल्लक 500.
उरलेली 160 दुकानं आठवड्याला 30 नग विकतात. त्यांच्याकडे शिल्लक 2,100.

---

उठावनोंद

म्हणजे साठ दुकानांत शेवाळी रंग पडून नाहीच. 500 भागिले 80, सव्वासहा आठवड्यांचा माल. तुमच्या काळ्या रंगाइतकाच. अडकला आहे तो 160 दुकानांत: 2,100 भागिले 30, सत्तर आठवडे. बहुधा सुरुवातीला प्रत्येक दुकानाला पाचही रंगांची एकेक पेटी सारखी वाटली असेल. रंग वाईट नाही, वाटप चुकलं आहे.

त्यामुळे सगळ्यांना एकच स्कीम देऊ नका. मी तीन भाग करेन.

160 दुकानांना नवी खरेदी करायला सांगायचीच नाही. त्यांच्याकडे आहे तो माल विकला गेला तर विकलेल्या प्रत्येक नगामागे ठरावीक रक्कम क्रेडिट नोटने द्यायची. 60 दुकानांनाही तेवढीच रक्कम, विकलेल्या नगावर, आणि त्यांना लागेल तसा माल वितरकांच्या 700 मधून नेहमीच्या दराने पुरवायचा. तुमच्या गोदामातले 1,500 दुकानांत उतरवायचेच नाहीत, त्यांची वाट वेगळी काढायची.

रक्कम 20 धरू. दुकानदाराला बाटली 100 ला पडली, विकल्यावर 20 परत, म्हणजे 80 ला पडली. त्याने 120 ला विकली तरी त्याच्या हातात आधीइतकेच 40 राहतात. हा 40 चा आकडा महत्त्वाचा आहे. दुकानदाराचा नगामागचा पैसा कमी होत असेल तर तो ती बाटली पुढे मांडणारच नाही, ग्राहकाच्या हातात काळीच देईल.

---

हिशेबनीस_आठ

थोडं थांबा. तुमचा नफा नगामागे 45. त्यातले 20 गेले, उरले 25. तेवढाच एकूण नफा राखायचा तर 45 भागिले 25, म्हणजे 1.8 पट विक्री व्हायला हवी. उठाव 80 टक्के वाढला नाही तर ही सवलत तोट्याची. हे सूत्र आधी लावा, मगच स्कीमला हो म्हणा.

---

उठावनोंद

सूत्र बरोबर आहे, पण ते चालत्या मालाला लागतं, जिथे विकलेल्या प्रत्येक नगासाठी तुम्हाला पुन्हा 55 खर्चून नवा नग बनवायचा असतो. ही बाटली बनून तयार आहे. ती विकली काय, पडली काय, 55 गेलेच. इथे विचारायचं ते वेगळंच: हीच बाटली दुसरीकडे दिली तर तिचे किती येतील, आणि ती अडवून बसलेली जागा मोकळी झाली तर तिथे काय विकेल?

दुसरी गोष्ट सहज सुटते. दुकानातल्या 2,600 नगांचे पैसे पहिलीपेटी यांच्याकडे आधीच आले आहेत, किंवा येणं आहेत. त्या बाटल्या विकल्या गेल्या म्हणून कंपनीला नवीन एक पैसाही मिळत नाही. 20 देऊन कंपनी घेते ती फळीवरची जागा. त्या जागेवर काळी बाटली लागली आणि ती आठवड्याला दोन विकली, तर नगामागे 45 प्रमाणे आठवड्याला 90. एका फळीच्या जागेसाठी 20 प्रमाणे दहाबारा नगांचे दोन-अडीचशे खर्च झाले, तर ते तीन आठवड्यांत निघतात. ही तुलना करा. 1.8 पटीची करू नका.

---

हिशेबनीस_आठ

हे पटलं. पण मग आणखी एक धरा. जे 880 नग तसेही विकले जाणार होते, त्यांच्यावरही तुम्ही 20 देणार आहात. समजा उठाव दुप्पट झाला, आठ आठवड्यांत 1,760 नग गेले. खर्च 35,200. वाढीव नग फक्त 880. म्हणजे प्रत्येक वाढीव नगाला 20 नव्हे, 40 पडले.

---

उठावनोंद

अगदी बरोबर, आणि हा आकडा फार थोडे लोक काढतात. त्यातूनच गोदामातल्या 1,500 चा निर्णय होतो. दुकानातून वाढीव एक बाटली विकायला 40 पडणार असतील तर गोदामातल्या नगाचे निव्वळ 60 येतात. कार्यालयांच्या भेटवस्तूंसाठी, त्यांचं नाव कोरून घेणारा ग्राहक 70 देत असेल तर तो चांगला. शिवाय ती बाटली कुठल्याही दुकानाच्या फळीवर शेजारच्या 140 च्या बाटलीबरोबर उभी राहत नाही. ब्रँडचा भाव कुठे टिकतो आणि कुठे पडतो, ते या शेजारावर ठरतं.

---

काउंटरमागून

मी दुकानाच्या बाजूने लिहितो. क्रेडिट नोटचं नाव काढलं की आमच्याकडे लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. स्कीम संपते, क्लेम जातो, मग 'एक बिल कमी आहे', मग 'वितरकाचा शिक्का नाही', मग तीन महिने. तोवर आम्ही आमच्या खिशातून ग्राहकाला 20 दिलेले असतात. बिलावरची सूट रोख असते, म्हणून दुकानदार तीच मागतो. तुम्ही म्हणता ते कागदावर छान आहे, पण क्लेमचे पैसे वेळेवर आले नाहीत तर पुढच्या स्कीमला कोणी हात लावत नाही.

---

उठावनोंद

ही तक्रार खरी आहे आणि विकलेल्या नगावर पैसे देण्याची पद्धत बहुतेक वेळा इथेच मोडते. उपाय कंटाळवाणे आहेत, पण चालतात.

क्लेमसाठी बिलांच्या प्रती मागूच नका. फक्त तीन आकडे: सुरुवातीची शिल्लक, मधली खरेदी, शेवटची शिल्लक. सुरुवातीला 14, मध्ये घेतले 12, शेवटी 9. म्हणजे विकले 17, क्रेडिट 340. दोन्ही वेळची शिल्लक वितरकाच्या सेल्समनने दुकानात उभं राहून मोजायची आणि फळी व मागची खोली दोन्हींचा फोटो घ्यायचा. मोजणी आठ आठवड्यांनी एकदाच करू नका, दर दोन आठवड्यांनी करा आणि प्रत्येक मोजणीनंतर सात दिवसांत क्रेडिट टाका. मग दुकानदाराचे पैसे तीन आठवड्यांपेक्षा जास्त अडकत नाहीत.

लबाडी दोन जागी होते. सुरुवातीची शिल्लक फुगवून सांगतात, म्हणून ती वर्षभरात वितरकाने दिलेल्या नगांपेक्षा जास्त असू शकत नाही, हे ताडून बघा. शेवटची शिल्लक लपवतात, म्हणून मागची खोली.

---

पानावरचा_थेंब

अशा स्कीम चालू असतात तेव्हा ग्राहकाला कळायचा काही मार्ग आहे का? म्हणजे वेबसाइटवर कूपन कोड वगैरे? मला स्टीलची बाटली घ्यायचीच आहे.

---

पहिलीपेटी

@पानावरचा_थेंब, हा धागा दुकानदारांना द्यायच्या सवलतीबद्दल आहे, कूपन नाही. पण तुमच्या प्रश्नावरून एक आठवलं: आमच्या स्वतःच्या वेबसाइटवर शेवाळी बाटलीची किंमत त्या आठ आठवड्यांत काय ठेवायची?

---

उठावनोंद

140 च ठेवा, किंवा रंग वेबसाइटवरून काढून टाका. दुकानांत 120 आणि तुमच्याकडेही 120 झालं की त्या रंगाची किंमत कायमची 120 झाली असं ग्राहक धरतो. आणि तुमच्याकडे 115 दिसलं तर दुकानदार त्याच दिवशी फोन करेल, आणि ते योग्यच आहे.

---

तुलाधार

मी बिलावरच्या सुटीच्या पूर्ण विरोधात नाही, पण तिचा एक मोठा दोष वर कोणी नीट मांडला नाही. मुदत संपायच्या शेवटच्या तीन दिवसांत ऑर्डरी येतात. मोठा दुकानदार सहा महिन्यांचा माल सुटीच्या भावात भरून ठेवतो आणि पुढे सहा महिने पूर्ण भावाने विकतो किंवा दुसऱ्या भागातल्या दुकानांना तुमच्यापेक्षा स्वस्त देतो. तुमची कंपनी स्वतःच्याच मालाशी स्पर्धा करते. प्रॉक्टर अँड गँबलने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दुकानदारांना वारंवार द्यायच्या सुटी कमी करून रोजचा भावच खाली आणला. अशा आगाऊ साठ्यामुळे कारखान्यातला चढउतार हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. इतक्या मोठ्या कंपनीलाही ते सोपं गेलं नाही, काही दुकानांनी तिच्या मालाला कमी जागा दिली.

ओळखायचं कसं? आठवड्याला एक नग विकणाऱ्या दुकानाने चार पेट्या मागितल्या की समजा माल दुसरीकडे चालला आहे. आणि स्कीमनंतर आठ-दहा आठवडे त्या दुकानाकडून शून्य ऑर्डर.

विकलेल्या नगावर पैसे दिले तरी हे पूर्ण थांबत नाही. दुकानदाराने शेजाऱ्याला 20 नग दिले तर तुमच्या मोजणीत ते 'विकले' म्हणूनच येतात.

---

उठावनोंद

होय, म्हणून दुकानागणिक वरची मर्यादा हवी. साठ दुकानं आठवड्याला सरासरी सव्वा ते दीड नग विकतात, आठ आठवड्यांत दहा-अकरा. मर्यादा तिप्पट, म्हणजे 30. त्यापुढच्या नगावर क्रेडिट नाही. 160 दुकानांना मर्यादा म्हणजे पहिल्या दिवशी मोजलेली शिल्लक, त्याच्यावर एक नग नाही. पेटीवरचा बॅच नंबर सेल्समनने नोंदवून ठेवला तर दुसऱ्या भागात निघालेला माल कुठून आला हेही कळतं.

---

पहिलीपेटी

दुकानदारांना पाठवायच्या पत्रात 'बाटली 120 पेक्षा खाली विकू नये' असं लिहू का? ब्रँड सांभाळायचा असेल तर तेच सगळ्यात सरळ वाटतं.

---

तुलाधार

लिहू नका. स्वतंत्र दुकानदाराने किमान कितीला विकावं हे पुरवठादाराने ठरवणं अनेक देशांत स्पर्धा कायद्याच्या विरुद्ध आहे. युरोपीय संघात ते गंभीर उल्लंघन धरतात. अमेरिकेत 2007 च्या लीगिन निकालापासून केंद्रीय कायद्याखाली प्रत्येक प्रकरण वेगळं तपासतात, पण राज्यांचे कायदे वेगळे असू शकतात. तुमच्या बाजारातल्या वकिलाला विचारल्याशिवाय किंमत बांधणारं एक वाक्यही पत्रात नको. 'शिफारस केलेली किंमत' असं लिहून मागून सेल्समनने दम दिला तर तेही तसंच धरलं जातं.

---

उठावनोंद

आणि त्या वाक्याची गरजही पडत नाही. तुम्ही 20 देता, म्हणून दुकानदार सहसा 20 च कमी करतो. 40 दिले असते तर 100 चा फलक लागला असता. किती खोल जायचं ते रकमेनेच आवरलं जातं.

पत्राचा मसुदा देतो, बदलून घ्या:

*शेवाळी रंगाचं (750 मिलि) उत्पादन आम्ही थांबवत आहोत. त्या जागी नवा रंग बारा आठवड्यांनी येईल. आपल्याकडील शेवाळी माल संपवण्यासाठी (दिनांक) ते (दिनांक), आठ आठवडे, विकलेल्या प्रत्येक नगावर 20 ची क्रेडिट नोट देऊ. सुरुवातीची शिल्लक पहिल्या चार दिवसांत मोजली जाईल, मोजणी न झालेल्या दुकानाला सहभागी होता येणार नाही. कमाल नग: (संख्या). बिलाचा दर व किंमतपत्रक बदललेलं नाही. इतर चार रंगांना ही योजना लागू नाही. या कालावधीत विकलेला माल परत आल्यास दिलेली क्रेडिट वळती केली जाईल. मुदत वाढवली जाणार नाही.*

शेवटून दुसरं वाक्य विसरू नका. ते नसेल तर 80 ला पडलेली बाटली मुदत संपल्यावर 100 च्या दराने तुम्हाला परत येते.

पहिलं वाक्यही तितकंच महत्त्वाचं आहे. सुटीला खरं कारण असलं आणि ते एकाच रंगापुरतं असलं की बाकीच्या रंगांना ते चिकटत नाही. कारण नसलेली सूट म्हणजे 140 हा आकडाच खोटा होता, असा अर्थ लोक काढतात. फळीवरच्या पट्टीवरही 'शेवाळी रंग, शेवटचे नग' एवढंच छापा, टक्क्यांचा लाल गोळा नको.

---

घाऊकपान

'मुदत वाढवली जाणार नाही' लिहिता खरं, पण सातव्या आठवड्यात अर्धा माल शिल्लक दिसला की वरून फोन येतो: दोन आठवडे वाढवा. हे होतंच.

---

उठावनोंद

होतं, आणि नेमकं तेच दुकानदार लक्षात ठेवतो. एकदा मुदत वाढली की पुढच्या वेळी तो सातव्या आठवड्यापर्यंत हात बांधून बसतो, कारण वाढणार हे त्याला माहीत असतं. त्यापेक्षा आठव्या आठवड्याच्या शेवटी काय उरेल ते आत्ताच मांडून ठेवा, म्हणजे घबराट होत नाही.

उठाव दुप्पट झाला असं धरलं तर साठ दुकानांत 1,280 जातील. त्यातले 500 त्यांच्याकडे आहेत, 700 वितरकांकडून, 80 तुमच्या गोदामातून. 160 दुकानांत 480 जातील, 1,620 उरतील. गोदामात 1,420. म्हणजे सगळं नीट झालं तरी 3,040 नग शिल्लक. हे आत्ता ऐकायला जड वाटेल, पण 160 दुकानांची गाठ सवलतीने सुटणार नाही. तिथे शेवाळी बाटली उचलून त्याच बिलाच्या दरात काळी द्या, नगास नग. प्रत्येक दुकानात चार ठेवा, बाकी परत घ्या. पेटी न फोडलेली असेल तर तीच साठातल्या एखाद्या दुकानाला द्या, म्हणजे गोदामातून 80 काढायचीही गरज नाही. बाकीचे नग गोदामातल्या मालाबरोबर भेटवस्तूंच्या वाटेने.

---

काउंटरमागून

रंग बदलून देणार असाल तर माझ्यासारखे दुकानदार 20 च्या क्रेडिटपेक्षा तेच घेतील. पण मालाची ने-आण कोण भरणार? आणि फळीवर वर्षभर राहिलेल्या खोक्यांचे कोपरे दबलेले असतात. असा माल परत घेताना सेल्समन नाकारतो, हे आधी स्पष्ट व्हायला हवं.

---

पहिलीपेटी

काळा रंग घेऊन जाणारी गाडी परतताना रिकामीच येते, त्यामुळे ने-आण आम्ही घेऊ. दबलेल्या खोक्याचं चालेल, खोकं नवं घालता येतं. बाटलीला पोचा असेल किंवा झाकणाची रबरी कडी नसेल तर नाही. हे पत्रात घालतो.

---

मुदतबंद_क्रीम

आमचा माल त्वचेची क्रीम आहे, मुदत संपायला पाच महिने उरलेत. हेच सगळं तसंच लागू करता येईल का?

---

उठावनोंद

तसंच नाही. तुमच्याकडे घड्याळ चालू आहे. ग्राहक ते क्रीम किती दिवस वापरतो ते आधी वजा करा. एक डबी दोन महिने पुरत असेल तर तुमच्याकडे विकायला पाच नव्हे, तीन महिने आहेत. दुकानादुकानांत मोजणी आणि अदलाबदल करण्यात महिना गेला तर दोनच उरतात. अशा मालात रंग बदलण्यासारखी अदलाबदल आधी करा, म्हणजे जुनी डबी उचलून नवी द्या, आणि जास्त उठावाच्या मोजक्याच दुकानांत जुन्या डब्या विकलेल्या नगावर पैसे देऊन संपवा. आणि मुदतीचा आकडा कधीही झाकू नका. तारीख झाकलेला एक फोटो फिरला तर ब्रँडचं जे नुकसान होतं ते कुठल्याही सुटीने होत नाही.

---

तुलाधार

एक प्रश्न सगळ्यांसाठी. 'दुप्पट उठाव' हे उठावनोंद यांनी धरलंय. तो दुप्पट होईल याला आधार काय?

---

उठावनोंद

आधार नाही, गृहीतक आहे. 140 चं 120 म्हणजे 14 टक्के उतार, त्याने दुप्पट होईलच असं मी म्हणणार नाही. म्हणून आधी साठातली बारा दुकानं घ्या आणि त्यांच्याच तोडीची दुसरी बारा. पहिल्या बारांत दोन आठवडे योजना चालवा, दुसऱ्या बारांत काहीच करू नका, आणि फरक बघा. बघताना फक्त शेवाळी मोजू नका, काळीही मोजा. पहिल्या बारांत शेवाळी 30 ने वाढली आणि काळी 20 ने घटली तर तुमची खरी वाढ 10 च. म्हणजे ग्राहक काळ्याच्या जागी स्वस्त शेवाळी घेतोय आणि तुम्ही त्याला त्यासाठी पैसे देताय. असं दिसलं तर योजना साठ दुकानांत लावूच नका. तिथे माल तसाही सव्वासहा आठवड्यांत संपतोय.

---

हिशेबनीस_आठ

मला वाटतं साठ दुकानांत सवलत मुळातच नको. ज्या दुकानात रंग चालतो तिथे 20 कशाला द्यायचे? पूर्ण भावाने पुरवत राहा.

---

उठावनोंद

एक अडचण आहे. 160 दुकानांना दिलं आणि जास्त विकणाऱ्या 60 ना दिलं नाही, तर नीट विकणाऱ्याला शिक्षा झाल्यासारखं होतं, आणि ते एकमेकांना सांगतातच. काही देशांत एकाच बाजारातल्या स्पर्धक दुकानांना वेगळे भाव देण्यावरही कायद्याची बंधनं आहेत. पण योजना '13 पेक्षा जास्त आठवड्यांचा माल शिल्लक असलेल्या दुकानांसाठी' अशा सगळ्यांना सारख्या निकषाने लिहिली तर कदाचित चालेल. माझं मत अजून पक्कं नाही.

---

काउंटरमागून

साठातला दुकानदार म्हणून सांगतो, शेजारच्याकडे तीच बाटली 120 ला दिसली तर मी निकष वाचत बसणार नाही. वितरकाला फोन करणार.

---

पहिलीपेटी

या आठवड्यात 24 दुकानांची चाचणी सुरू करतो. विक्री विभागाचं बक्षीस वितरकाला दिलेल्या पेट्यांवर ठरतं, ते आठ आठवड्यांपुरतं दुकानातून विकल्या गेलेल्या नगांवर लावायला मालक तयार झाले आहेत. नाहीतर मोजणी करायला कोणी दुकानात जाणारच नाही, असं विक्री प्रमुखच म्हणाले. साठ दुकानांचं काय करायचं ते चाचणीचे आकडे आल्यावर ठरवू. काळ्या रंगाची बेरीजही वेगळी काढून इथे टाकतो.